गुणपत्रिकेतला शेवटचा आकडा



मुलगा किंवा मुलगी पदवी परीक्षा उतरली की घरात पहिला प्रश्न पूर्वी ठरलेला असे : किती टक्के पडले? त्या प्रश्नाला आता सरळ उत्तर मिळत नाही. मुलगी म्हणते, ‘सहा पूर्णांक सत्याण्णव.’ वडील विचारतात, ‘सहा पूर्णांक सत्याण्णव काय? शंभरापैकी?’ मुलगी म्हणते, ‘नाही, दहापैकी.’ मग वडील मनातल्या मनात दहाने गुणतात, जवळजवळ सत्तर टक्के झाले असे समजतात आणि पेढे आणायला जातात. पेढे आणायला हरकत काहीच नाही. पण तो हिशेब मात्र बरोबर नाही. आणि पुढे एखाद्या अर्जावर ‘किमान सात’ अशी अट असली, तर सहा पूर्णांक सत्याण्णव आणि सात यांमध्ये सगळा प्रवेश अडकून पडतो. म्हणून हा आकडा कसा तयार होतो ते आज आपण सावकाश, कागद-पेन्सिल घेऊन पाहू.

या आकड्याला महाविद्यालयात सीजीपीए म्हणतात. आपण त्याला एकत्रित सरासरी म्हणू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या सुमारास देशातल्या विद्यापीठांसाठी दहा अंकांची जी पद्धत सुचवली, तिच्यातून तो आपल्याकडे सर्वत्र पसरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीची सारी रचनाच श्रेयांकांवर बेतली गेली, आणि महाराष्ट्रात २०२४-२५ या वर्षापासून संलग्न महाविद्यालयांतही ती लागू झाली. तेव्हा तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलाच्या गुणपत्रिकेवरही आज हाच आकडा छापलेला असतो.

यात दोन गोष्टी एकत्र येतात. एक श्रेयांक, म्हणजे मुले ज्याला क्रेडिट म्हणतात ते. दुसरी श्रेणी, आणि त्या श्रेणीला दिलेला अंक. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या समजून घेतल्या की पुढचे सारे गणित चौथीच्या गुणाकार-भागाकाराचे आहे.

आधी श्रेयांक. श्रेयांक हे त्या विषयाचे वजन आहे. मुलगा किती हुशार, पेपर किती अवघड, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्या विषयाला अभ्यासक्रमात किती वेळ दिला आहे, एवढेच तो सांगतो. साधारणपणे एका सत्रात आठवड्याला एक तास व्याख्यान, म्हणजे सत्रभरात सुमारे १५ तास, याला एक श्रेयांक. प्रयोगशाळेतल्या प्रात्यक्षिकाला मात्र आठवड्याला दोन तास, म्हणजे सत्रात सुमारे ३० तास दिले तर एक श्रेयांक. म्हणून आठवड्याला चार तास शिकवला जाणारा विषय चार श्रेयांकांचा, आणि दोन तासांचा विषय दोन श्रेयांकांचा. परीक्षेत मुलगा उत्तीर्ण झाला की ते श्रेयांक त्याच्या नावावर जमा होतात. चाळीस गुण मिळवून उत्तीर्ण झाला तरी चार, आणि नव्वद मिळवले तरी चारच.

मग चाळीस आणि नव्वद यांतला फरक कुठे दिसतो? तो श्रेणीत दिसतो. आयोगाने सुचवलेल्या श्रेण्या अशा आहेत. सर्वांत वरची ‘ओ’, तिला १० अंक. तिच्याखाली ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५ आणि उत्तीर्णापुरत्या श्रेणीला ४. नापासाला, म्हणजे ‘एफ’ला, शून्य. शून्यानंतर एकदम चार. मध्ये एक, दोन, तीन असे काही नाही. कोणत्या गुणांना कोणती श्रेणी, हे मात्र प्रत्येक विद्यापीठ ठरवते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ८० आणि वर ‘ओ’, ७० ते ८० च्या आत ‘ए प्लस’, ६० ते ७० च्या आत ‘ए’, ५५ ते ६० च्या आत ‘बी प्लस’, ५० ते ५५ च्या आत ‘बी’, ४५ ते ५० च्या आत ‘सी’ आणि ४० ते ४५ च्या आत उत्तीर्ण, असे कप्पे असतात. काही ठिकाणी ‘ओ’साठी नव्वद लागतात. तेव्हा आपल्या विद्यापीठाचे कप्पे गुणपत्रिकेच्या पाठीमागे किंवा विद्यापीठाच्या नियमांत पाहून घ्यावेत. आज मी जे उदाहरण घेणार आहे, ते आत्ता सांगितलेल्या कप्प्यांवरच घेतो.

आता या दोन गोष्टी जोडायच्या कशा? शेतकरी माणसाला हे सांगावे लागणार नाही. कारण बाजार समितीत कांदा घालून पट्टी घेताना तो हेच गणित करीत असतो. समजा, तुम्ही दहा क्विंटल कांदा नेला. त्यातला आठ क्विंटल चांगला माल १८०० रुपये क्विंटलने गेला आणि दोन क्विंटल गोल्टी ८०० रुपयांनी गेली. कोणी विचारले, सरासरी काय भाव पडला? तर १८०० आणि ८०० यांची बेरीज करून दोनने भागून तुम्ही १३०० म्हणणार नाही. आठ क्विंटलचे १४,४०० आणि दोन क्विंटलचे १,६००, मिळून १६,००० रुपये. भागिले दहा क्विंटल. म्हणजे १,६०० रुपये भाव पडला. चांगला माल वजनाने जास्त होता, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकली.

आपल्या गुणपत्रिकेत श्रेयांक म्हणजे क्विंटल, श्रेणीचा अंक म्हणजे भाव, आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे हाती आलेले पैसे. त्या गुणाकाराला आपण वजनी गुण म्हणू. सगळ्या विषयांचे वजनी गुण मिळवायचे, सगळ्या श्रेयांकांच्या बेरजेने भागायचे, की त्या सत्राची सरासरी निघाली. तिला एसजीपीए म्हणतात. सूत्र एवढेच :

सत्राची सरासरी = (श्रेयांक × श्रेणीचा अंक यांची बेरीज) ÷ (श्रेयांकांची बेरीज)

आता एक उदाहरण घेऊ. विज्ञान शाखेतली एक मुलगी कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. महाराष्ट्रातल्या नव्या रचनेत एका सत्रात साधारण २२ श्रेयांक असतात. पण आकडेमोड सोपी व्हावी म्हणून तिच्या पहिल्या सत्रात आपण २० धरू. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र आणि प्रात्यक्षिके, असे चार विषय प्रत्येकी चार श्रेयांकांचे आणि शंभर गुणांचे. भाषा आणि एक कौशल्य विषय, असे दोन विषय प्रत्येकी दोन श्रेयांकांचे आणि पन्नास गुणांचे.

वनस्पतिशास्त्रात तिला ५८ गुण मिळाले. म्हणजे बी प्लस, अंक ७. चार साते २८. रसायनात ५२, म्हणजे बी, अंक ६. चार सख २४. प्राणिशास्त्रात ६१, म्हणजे ए, अंक ८. चार आठे ३२. प्रात्यक्षिकात ७६, म्हणजे ए प्लस, अंक ९. चार नवे ३६. भाषेत पन्नासपैकी ३६, म्हणजे शेकडा ७२, ए प्लस, अंक ९. बे नवे १८. कौशल्य विषयात पन्नासपैकी ४१, म्हणजे शेकडा ८२, ओ, अंक १०. बे दाहे २०. सगळ्यांची बेरीज १५८. भागिले २०. तिच्या पहिल्या सत्राची सरासरी ७.९० आली.

या एका सत्रातूनच दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, सहा विषयांचे अंक नुसते मिळवून सहाने भागले असते, तर ४९ भागिले ६, म्हणजे ८.१७ आले असते. ते चूक आहे. भाषा आणि कौशल्य यांत तिला ९ आणि १० मिळाले खरे. पण ते दोन-दोन क्विंटलचे ढीग आहेत. रसायनाचा सहा हा चार क्विंटलचा आहे, म्हणून तो सरासरीला जास्त खाली ओढतो. दोन श्रेयांकांच्या विषयात एक श्रेणी वर गेली तर दोन वजनी गुण वाढतात. चार श्रेयांकांच्या विषयात एक श्रेणी वर गेली तर चार वाढतात. कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा हे ठरवताना मुलांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. या मुलीचे खरे गुण मिळवले तर ५८, ५२, ६१, ७६, ३६ आणि ४१, मिळून ५०० पैकी ३२४ होतात, म्हणजे ६४.८ टक्के. आणि सरासरी आली ७.९०. दहाने गुणले तर ७९ टक्के दिसतील. चौदा टक्क्यांचा फरक! याचे कारण श्रेणीच्या कप्प्यांत आहे. ६१ गुणांना अंक मिळतो ८, म्हणून दहापैकी आठ म्हणजे ऐंशी टक्के असा अर्थ काढायचा नसतो. आठ हे त्या कप्प्याचे नाव आहे, गुणांचे नव्हे. म्हणून सीजीपीएला दहाने गुणून टक्के काढू नयेत. पुष्कळ घरांत ९.५ ने गुणण्याची सवय आहे, तीही इथे लागू नाही. तो गुणक सीबीएसई मंडळाच्या दहावीसाठी, श्रेणीपद्धत होती तेव्हाचा. २०१७ नंतर त्या मंडळाने दहावीला पुन्हा गुण देणे सुरू केले, पण तो गुणक लोकांच्या तोंडी राहून गेला. पदवीचे टक्के काढायचे असतील, तर ज्या विद्यापीठाची गुणपत्रिका त्याच विद्यापीठाचे सूत्र वापरावे, आणि अर्जाला टक्के हवे असतील तर विद्यापीठाकडून तसे लेखी पत्र घ्यावे. दोन विद्यापीठांची सूत्रे सारखी नसतात.

आता समजा, याच मुलीला रसायनात ५२ ऐवजी ३६ पडले असते. श्रेणी एफ, अंक शून्य. मग रसायनाचे २४ वजनी गुण गेले, उरले १३४. इथे पुष्कळ मुले म्हणतात की, रसायनाचे श्रेयांकच मिळाले नाहीत, तेव्हा भागायचे १६ ने. तसे केले तर ८.३८ येतात, म्हणजे नापास झालेल्या मुलीची सरासरी उत्तीर्ण झालेलीपेक्षा वर! हे होऊ शकत नाही हे कोणालाही पटेल. सत्रात जेवढे श्रेयांक घेतले तेवढ्यानेच, म्हणजे २० नेच, भागायचे. १३४ भागिले २०, म्हणजे ६.७०. काही विद्यापीठे विषय राहिला असेल तर सरासरी छापतच नाहीत. जागा रिकामी सोडतात. मुलगी पुढे तो विषय सोडवते, तेव्हा शून्याच्या जागी नवा अंक बसतो आणि सरासरी नव्याने काढली जाते. म्हणून एटीकेटी सुटल्यावर जुनी गुणपत्रिका घेऊन हिशेब करीत बसू नये. सुधारलेली मागून घ्यावी.

हे झाले एका सत्राचे. पदवीला तीन वर्षे, सहा सत्रे. आता एकत्रित सरासरी, म्हणजे सीजीपीए काढायचा. पद्धत तीच. सगळ्या सत्रांचे वजनी गुण एकत्र करायचे आणि सगळ्या श्रेयांकांनी भागायचे. आपल्या मुलीची पुढची सत्रे अशी गेली असे धरू. पहिल्या दोन सत्रांत २०-२० श्रेयांक होते, तिसऱ्या-चौथ्यात २२-२२, आणि पाचव्या-सहाव्यात २४-२४, मिळून १३२. वजनी गुण पहिल्या सत्रात १५८, दुसऱ्यात १४८, तिसऱ्यात १५४, चौथ्यात १४२, पाचव्यात १५६ आणि सहाव्यात १६२. प्रत्येक सत्राची सरासरी गुणपत्रिकेवर क्रमाने ७.९०, ७.४०, ७.००, ६.४५, ६.५० आणि ६.७५ अशी छापून आली.

वडिलांनी घरी या सहा आकड्यांची बेरीज केली. ती आली बरोबर ४२. सहाने भागले, सात. पुढच्या अभ्यासक्रमाच्या अर्जावर अट होती किमान ७.०० ची. सगळे खूष झाले. आणि अंतिम गुणपत्रिका हाती आली तेव्हा तिच्यावर छापले होते ६.९७.

अशा वेळी विद्यापीठाने गुण कापले, छपाईत चूक झाली, असे बोलले जाते. इथे चूक नाही. हिशेब करून पाहू. १५८ आणि १४८ मिळून ३०६. त्यात १५४ मिळवले, ४६०. आणखी १४२, ६०२. आणखी १५६, ७५८. आणि १६२, एकूण ९२०. भागिले १३२. उत्तर ६.९६९ आणि पुढे. दोन दशांश स्थळांपर्यंत ६.९७. मुलीची चांगली सत्रे होती ती वीस-वीस श्रेयांकांची. ढिली गेली ती बावीस आणि चोवीस श्रेयांकांची. वडिलांनी सहाही सत्रे सारख्या वजनाची धरली, म्हणजेच आठ क्विंटल आणि दोन क्विंटल सारखे मानले. सगळ्या सत्रांचे श्रेयांक सारखे असतील, तर सत्रांच्या सरासऱ्यांची साधी सरासरी चालते. नसतील तर चालत नाही. एवढे एक पडताळून पाहिले असते, तर अर्ज भरण्यापूर्वीच खरी स्थिती कळली असती.

आता या ६.९७ कडे जरा जवळून पाहू. पूर्ण सात यायला १३२ श्रेयांकांवर किती वजनी गुण हवे होते? १३२ साते ९२४. तिच्याजवळ आहेत ९२०. म्हणजे तीन वर्षांत मिळून चार वजनी गुण कमी पडले. चार वजनी गुण म्हणजे चार श्रेयांकांच्या एका विषयात एक श्रेणी. पहिल्या सत्रातले रसायन आठवा. ५२ गुण, श्रेणी बी, अंक सहा. तिथे ५५ असते तर बी प्लस, अंक सात. २४ च्या जागी २८. आणि एकूण ९२४, म्हणजे बरोबर ७.००. तीन वर्षांपूर्वीच्या एका पेपरातले तीन गुण!

त्याच सत्रातल्या प्राणिशास्त्राकडे पाहा. तिथे तिला ६१ होते. ते ६१ चे ६९ झाले असते, तरी श्रेणी ए, अंक आठ. वजनी गुणांत काडीचाही फरक पडला नसता. रसायनात तीन गुण वाढले तर निकाल फिरतो, प्राणिशास्त्रात आठ वाढले तरी काही होत नाही. कप्प्याच्या आतली धडपड या आकड्याला दिसत नाही, कप्प्याची कड ओलांडली तरच दिसते. हा या पद्धतीचा गुणही आहे आणि दोषही. एखाद्या परीक्षकाने एक-दोन गुण कमी-जास्त दिले, तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही, हा गुण. पण ५४ आणि ५५ यांत पूर्ण एका अंकाचे अंतर पडते, हा दोष.

यावरून पुनर्मूल्यांकनाचा विचार करता येतो. निकाल लागल्यावर अर्जाची मुदत थोडी असते, प्रत्येक विषयाला शुल्क पडते, आणि मुले भांबावून सगळ्याच विषयांचे अर्ज भरतात किंवा एकही भरत नाहीत. अशा वेळी गुणपत्रिका घेऊन बसावे आणि प्रत्येक विषयापुढे वरच्या कप्प्याची कड किती गुणांवर आहे ते लिहावे. त्याच्यापुढे श्रेयांक लिहावे. ज्या विषयात कड दोन-तीन गुणांवर आहे आणि श्रेयांक चार आहेत, त्या विषयाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत आधी मागवावी. कड आठ-दहा गुणांवर असेल, तर उत्तरपत्रिकेत एखादे उत्तर तपासायचेच राहिले आहे असे दिसल्याशिवाय त्या खर्चातून सहसा काही निष्पन्न होत नाही. मात्र पुनर्मूल्यांकनात गुण कमीही होऊ शकतात का, आणि झाले तर कोणते गुण धरतात, हा नियम आपल्या विद्यापीठापुरता आधी विचारून घ्यावा. कारण वरच्या कडेजवळ असलेला पेपर सुरक्षित असतो, पण ५५ वर असलेला पेपर एका गुणाने खालीही घसरू शकतो.

शिक्षक बंधुभगिनींसाठी आणखी एक हिशेब सांगतो. तो विद्यार्थ्यांकडून पाचव्या सत्रानंतर करून घेण्यासारखा आहे. आपल्या मुलीच्या हाती पाच सत्रांनंतर ७५८ वजनी गुण आणि १०८ श्रेयांक होते, सरासरी ७.०२. म्हणजे त्या दिवशी ती साताच्या वरच होती. पण शेवटच्या सत्राचे २४ श्रेयांक यायचे होते. एकूण ९२४ हवेत, ७५८ आहेत, म्हणजे १६६ मिळवायला हवेत. १६६ भागिले २४, सुमारे ६.९२. सहाव्या सत्रात सरासरी ६.९२ पडली तर सात टिकतात, त्याखाली आली तर जातात. तिला पडली ६.७५. हा आकडा तिला सत्र सुरू होतानाच ठाऊक असता, तर कोणत्या चार श्रेयांकांच्या विषयात एक कप्पा वर चढता येईल हे तिला वेळेवर पाहता आले असते.

याच हिशेबातून दुसरेही एक दिसते. जसजसे श्रेयांक साठत जातात, तसतसा हा आकडा जड होतो. दुसऱ्या सत्रात तिची सत्राची सरासरी पूर्ण एका अंकाने वाढली असती, तर त्या वेळची एकत्रित सरासरी अर्ध्या अंकाने वर गेली असती. कारण ४० पैकी २० श्रेयांक त्या सत्राचे होते. सहाव्या सत्रात तीच एका अंकाची वाढ १३२ पैकी २४ श्रेयांकांवर होते, म्हणून एकत्रित आकडा जेमतेम ०.१८ ने हलतो. ‘पहिले वर्ष काय, नुसते पास झाले की पुरे, शेवटच्या वर्षी भरून काढू,’ असे मुलांमध्ये बोलले जाते. जुन्या पद्धतीत, जिथे वर्ग केवळ शेवटच्या वर्षावर ठरत असे, तिथे ते काही अंशी खरे होते. या पद्धतीत ते खरे नाही. पहिल्या सत्रातले चार वजनी गुण आणि शेवटच्या सत्रातले चार वजनी गुण अंतिम बेरजेत अगदी सारखेच मोजले जातात. फक्त शेवटी ते मिळवायला जागा उरलेली नसते.

आणि या आकड्याला काय दिसत नाही, तेही सांगायला हवे. आपल्या मुलीला प्रात्यक्षिकात नऊ मिळाले आणि रसायनाच्या पेपरात सहा. दुसऱ्या एखाद्या मुलीला उलट, रसायनात नऊ आणि प्रात्यक्षिकात सहा मिळाले, तर दोघींची सरासरी एकच येईल. एकीचा हात चालतो, दुसरीचा पाठांतराचा अभ्यास पक्का आहे. आकडा दोघींना एकाच रांगेत उभे करतो. म्हणून प्रयोगशाळेत माणूस नेमायचा असेल, किंवा वर्गातल्या मुलाला पुढचा विषय सुचवायचा असेल, तर नुसता शेवटचा आकडा वाचू नये. गुणपत्रिकेतल्या ओळी वाचाव्यात.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी मुलाची गुणपत्रिका घरी आली की तीन रकाने शोधा : श्रेयांक, श्रेणीचा अंक आणि दोहोंचा गुणाकार. शेवटचा रकाना मिळवा, पहिल्या रकान्याच्या बेरजेने भागा. छापलेला आकडा आणि तुमचा आकडा जुळला तर ठीक. नाही जुळला, तर आधी पाहा की सगळ्या सत्रांचे श्रेयांक तुम्ही धरले आहेत का, राहिलेला विषय सुटल्यावरची नवी श्रेणी घेतली आहे का, आणि सत्रांच्या छापील सरासऱ्यांऐवजी मूळ वजनी गुण मिळवले आहेत का. एवढे करूनही फरक राहिला, तर तो कागद घेऊन महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात जा. खिडकीवरच्या माणसाला ‘गुण कमी पडले’ असे सांगण्यापेक्षा ‘चौथ्या सत्राची बेरीज १४२ हवी, इथे १३८ धरली आहे’ असे सांगितले, तर त्यालाही ती ओळ लगेच सापडते.